भरलेली पॅसेंजर आणि आठवा महिना: एक कथा पायरीपायरीने

आठवा महिना लागलेली बाई, गच्च भरलेली गाडी आणि परक्या माणसांनी दाखवलेली माणुसकी. या विषयावरची कथा बहुतेक वेळा एकाच जागी येऊन थांबते. कुणीतरी उठतं, बाईला जागा देतं, तिच्या डोळ्यांत पाणी येतं, संपलं. वाचकाला हे पहिल्या ओळीतच कळलेलं असतं. म्हणून ही कथा लिहिताना पहिला निर्णय असा घ्यायचा की जागा तिसऱ्या-चौथ्या वाक्यातच देऊन टाकायची. भरल्या पोटाच्या बाईला आपल्याकडे जागा मिळते, थोडी कुरकुर होऊन का होईना. खरी अडचण बसल्यानंतर सुरू होते आणि कथाही तिथूनच सुरू करावी.

खाली मी सोलापूर ते माढा या प्रवासावर एक कथा बांधून दाखवतो. नायिकेचं नाव शीतल. तुम्ही तुमची बाई आणि तुमचं स्टेशन घ्या, पण पायऱ्या याच क्रमाने चढा. पहिल्या तीन पायऱ्या कागदावरच्या तयारीच्या आहेत. त्या झाल्याशिवाय कथेचं पहिलं वाक्य लिहू नका.

पहिली पायरी: गाडी पक्की करा

सोलापुरात मुंबईसारखी लोकल नाही. इथली लोकल म्हणजे पॅसेंजर, आणि कथेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो. पॅसेंजरच्या जनरल डब्यात असतो, पण गर्दीच्या दिवशी तिथवर पोचणं म्हणजे दिव्य. वाटेत खाली बसलेली माणसं, पिशव्या, दाराशी उभी पोरं, आणि कधी खुद्द संडासातच ठेवलेली पोती. मला या विषयात सगळ्यात मोलाची वाटते ती हीच वाट. आठव्या महिन्यातल्या बाईला बाकड्यापेक्षा या दहा पावलांची गरज जास्त असते, आणि त्याबद्दल ती तोंडातून शब्द काढत नाही.

डब्याचा कच्चा नकाशा काढा. समोरासमोर बाकडी, वर सामानाची फळी, फळीवर पाय सोडून बसलेले दोघे, मधली वाट, टोकाला वॉश-बेसिन आणि समोरासमोर दोन संडास. शीतल कुठे बसली आहे आणि तिथून दारापर्यंत मध्ये कोण कोण आहे, ते नावानिशी मांडा. हा नकाशा कथेत यायचा नाही, पण तो नसेल तर तुमची माणसं एका वाक्यात खिडकीशी आणि पुढच्या वाक्यात दाराशी सापडतील.

स्टेशनांची नावं मात्र कथेत येऊ द्या. सोलापूर सुटलं की बाळे, पाकणी, पुढे मोहोळ, मग अनगर, मग माढा. शीतलच्या हातात घड्याळ नाही आणि मोबाइल पिशवीत तळाशी आहे. तेव्हा तिचं घड्याळ म्हणजे ही स्टेशनंच. पुढे या घड्याळाचा उपयोग होणार आहे.

एक शंका वाचक घेणारच: रिझर्व्हेशन का नाही केलं? आरक्षित डब्यांत गरोदर बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. पण सोलापूर-माढा एवढ्याशा अंतराला कुणी स्लीपरचं तिकीट काढत नाही आणि जनरल डब्यात तो कोटा चालत नाही. हे तुम्हाला ठाऊक असलं की पुरे. कथेत याचं स्पष्टीकरण देत बसू नका.

दुसरी पायरी: ती आठव्यातच का निघाली?

हा प्रश्न डब्यातली पहिली म्हातारी विचारणार, म्हणून त्याचं उत्तर आधी तयार हवं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरी न्यायचं ते सातव्यात. आठव्यात बाईला हलवत नाहीत. सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं बायका एकमेकींना सांगत आल्या आहेत. वैद्यकीयदृष्ट्या ते खरं नाही. दिवस पूर्ण भरेपर्यंत मूल जितकं जास्त पोटात राहील तितकी ते तगण्याची शक्यता वाढते. पण डब्यातल्या बायकांच्या मनात ही समजूत आहे, आणि कथेला भीती इथून फुकट मिळते. ती खोडून काढायचं काम कथेचं नाही.

शीतलचं कारण साधं ठेवू. महिना एप्रिलचा. भाऊ सातव्यात न्यायला येणार होता, पण उन्हाळी कांद्याची काढणी लागली आणि मजूर मिळेनात. नवरा सोलापूरच्या पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, त्याची पाळी सुटत नाही. मग सोबत कोण? एकटी पाठवली म्हटलं तर वाचकाला पटणार नाही. सासू आली तर सगळं सासूच करेल आणि परक्या माणसांना कामच उरणार नाही. म्हणून सोबत चौदा वर्षांचा दीर द्या, ओंकार. पोरगं चांगलं आहे, पिशव्या सांभाळतंय, पण गर्दीत लोटलं जाऊन दाराशी अडकलंय. आणि मुख्य म्हणजे, जवळ असता तरी वैनी त्याला "मला बाथरूमला जायचंय" असं सांगू शकली नसती. या संकोचावर आख्खी कथा उभी राहते.

तिसरी पायरी: शरीर नीट जाणून घ्या

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पुरुष लेखक असाल तर आणखी जास्त.

आठवा महिना म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबात साधारण 32 ते 35 आठवडे. गर्भाशय इतकं वर आलेलं असतं की छातीखालचा पडदा दाबला जातो आणि बसल्या बसल्याही धाप लागते. खाली मूत्राशयावर दाब असतो, त्यामुळे थोडी लघवी साठली तरी घाई लागते. तोल पुढे जातो म्हणून ती पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून उभी राहते. पावलं सुजतात. हे "तिचे पाय सुजले होते" असं सांगून सोडू नका. जोडव्याच्या दोन्ही बाजूंनी बोटाचं मांस वर आलंय आणि जोडवं आता साबण लावूनही निघत नाही, एवढं एक दाखवा. पायाचं बाकी वर्णन वाचक स्वतः करेल.

आता कथेचा कणा. शीतलने सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही. गाडीत जावं लागेल या भीतीने घरातून निघतानाच तिने तांब्या बाजूला सारला होता. एसटीने, गाडीने लांब जाणाऱ्या किती बायका हे करतात ते तुमच्या घरातल्यांनाच विचारा. सोलापूरचा एप्रिल, पारा चाळिशीकडे, डबा तापलेला. पाणी कमी पडलं की लघवी कडक होते आणि जळजळ वाढते, त्यामुळे पाणी न पिऊनही घाई काही टळत नाही. शिवाय पाणी कमी पडणं आणि मूत्राशय भरलेलं राहणं, या दोन्हींनी गर्भाशय आवळायला लागतं. पोट दगडासारखं होतं, अर्धा-एक मिनिट तसंच राहतं, मग सैल पडतं. याला खोट्या कळा म्हणतात.

खोट्या कळा आणि खऱ्या कळा यांतला फरक लेखकाला माहीत हवा, नाहीतर कथा चुकीचं शिकवेल. खोट्या कळांना ताल नसतो. कुस बदलली, पाणी प्यायलं, लघवी झाली की त्या विरतात. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, अंतर कमी होत जातं, जोर वाढतो, बऱ्याचदा कमरेतून पुढे येतात आणि काहीही केलं तरी थांबत नाहीत. आठव्या महिन्यात तशा कळा लागल्या, किंवा अंगावरून पाणी वा रक्त गेलं, किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर पुढचं स्टेशन, खाली उतरणं आणि दवाखाना. तिथे घरगुती उपाय नाही.

म्हणजे बघा, भीती आणि तिच्यावरचा उपाय, दोन्ही एकाच कारणातून निघाले. पाणी न पिण्यामुळे पोट आवळतंय. पाणी प्यायचं तर संडासाची वाट मोकळी हवी. ती वाट मोकळी करणं हीच या कथेतली माणुसकी. बाहेरून अपघात, चोर, अचानक बाळंतपण, काही आणावं लागत नाही. गाडीत बाळंतपण करून टाकायचा मोह फार होतो, तो टाळा. तसं केलंत की कथा बाईची राहत नाही, बातमीची होते.

चौथी पायरी: ओळखणारी बाई

शीतल सांगणार नाही, म्हणजे कुणीतरी न सांगता ओळखायला हवं. शेजारी नरसम्मा बसवू. साठीची, विड्या वळणारी, घरी तेलुगू बोलणारी, माढ्याच्या पुढे कुर्डुवाडीला लेकीकडे निघालेली. तिच्या बोटांना तंबाखूचा वास आहे. गरोदरपणात नाक तिखट होतं, त्यामुळे शीतलला आधी त्या वासाने मळमळतं आणि ती तोंड खिडकीकडे फिरवते. म्हणजे ज्या हातांपासून ती तोंड फिरवते तेच हात पुढे कामाला येणार. हे वाचकाला सांगायचं नाही, नुसतं घडू द्यायचं.

नरसम्माचं मराठी सोलापूरच्या पूर्व भागातलं असेल, पण तिला विनोदी करू नका. एखादं "की" आणि एखादा तुटक शब्द पुरतो. ओळखण्याचा प्रसंग असा लिहिता येईल:

> बाळे गेलं तेव्हा शीतलने पदर पोटावर ओढून घेतला आणि श्वास धरला. पाकणीच्या आधी परत. या वेळी नरसम्माने विचारलं नाही, सरळ तळहात ठेवला. पोट टणक लागत होतं. ती हात न काढता थांबली, सैल पडेपर्यंत.
> "कितवा?"
> "आठवा लागलाय."
> "पानी कवा पिलीस?"
> शीतल गप्प.
> "म्हंजी न्हाईच पिलीस. आन् जायचं बी हाय तुला, मगाधरनं पाय आवळून बसलीस."

या सहा-सात ओळींत "दयाळू" हा शब्द नाही, मायेने पाठीवर फिरलेला हात नाही. म्हातारी थोडी खेकसतेच. गाडीतली खरी मदत बऱ्याचदा खेकसतच येते. "बस की गं हितं, पडशील की!" यात जेवढी आस्था आहे तेवढी "ताई, तुम्ही बसा ना" यात नसते, निदान आमच्याकडे तरी.

आणि नरसम्माला डॉक्टर बनवू नका. तिच्या तोंडी एक वाक्य हवंच: "पानी पिऊन, जाऊन आल्यावर बी थांबलं न्हाई तर मोहोळला उतरायचं. दीराला सांगते मी." अनुभवी बाईला स्वतःची मर्यादा कळते, आणि ती कळते म्हणूनच वाचक तिच्यावर विश्वास ठेवतो.

पाचवी पायरी: माणुसकीची किंमत लावा

ज्याला काहीच सोडावं लागत नाही त्याच्या मदतीला कथेत वजन येत नाही. म्हणून वाटेत एक असा माणूस बसवा ज्याला शीतलसाठी खरोखर तोशीस पडेल. मी भाजीवाला घेतो. पहाटे सोलापूरच्या मार्केट यार्डात लिलावात कोथिंबीर घेतलीय, मोहोळच्या बाजारात विकायची आहे. उन्हाळ्यात कोथिंबीर महाग आणि उन्हात तासाभरात मान टाकणारी. म्हणून त्याने ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या जुड्या डब्यातल्या त्यातल्या त्यात गार जागी ठेवल्यात. ती जागा म्हणजे संडास. दुसऱ्या संडासात पाणी तुंबलंय.

आता नरसम्मा ओरडते, वाट सरकते, खाली बसलेले उठतात. हे भराभर उरका, दोन वाक्यांत. गर्दी बाईला वाट देते, त्यात आश्चर्य नाही. कॅमेरा भाजीवाल्यावर थांबवा. तो पहिल्यांदा नाही म्हणतो. "मोहोळ आलंच की, धा मिंटं." नरसम्मा म्हणते, "धा मिंटं तू थांबून बघ तिच्या जागी." कुणीतरी हसतं. तो शिवी पुटपुटत पोतं बाहेर ओढतो, ठेवायला जागा नाही, खांद्यावर घेतो. दाराच्या गर्दीत पोतं चेपतं.

त्याला नंतर वितळवू नका. "जा ताई, तुम्ही माझ्या बहिणीसारख्या" असं तो म्हणाला की कथा तिथेच गेली. त्याचं नुकसान झालंय, तो वैतागलाय, तरी पोतं खांद्यावर आहे. एवढं पुरतं.

पण हे नुकसान दाखवायचं कसं? कथा आपण शीतलच्या बाजूने सांगतोय, आणि ती तर आत आहे. इथे तिचं तिखट नाक परत कामाला येतं:

> आत पाय ठेवायला ओलंच होतं. शीतलने कडीकडे हात नेला.
> "कडी लावू नको," बाहेरून आवाज आला. "मी हाय."
> दार तसंच लोटलेलं राहिलं. म्हातारीने पाठ लावली होती, फटीतून नऊवारीचा काठ आत आला होता. शीतलने खिडकीखालची दांडी धरली, दुसरा हात भिंतीला, आणि हळूहळू खाली बसली. गाडी रुळ बदलत होती. कुठूनतरी चुरगळलेल्या कोथिंबिरीचा वास आला, दाट, घरात वाटण घातल्यासारखा.

कडी न लावण्याचा तपशील माझ्या मते अख्ख्या कथेचा शिखरबिंदू आहे. हलत्या गाडीत, ओल्या फरशीवर, एवढ्या पोटाने उकिडवं बसणं आणि परत उठणं ही जोखीम आहे. आत पडली आणि कडी लागलेली असली तर दार कोण उघडणार? हे अनुभवी बाईलाच सुचतं. लाज आणि सुरक्षितता, दोन्ही एका पाठीने सांभाळली जातात. या जागी लेखकाने एकही विशेषण घालू नये.

सहावी पायरी: पाणी, आणि स्टेशनांचं घड्याळ

बाहेर आल्यावर पाणी. ओंकारकडे बाटली आहे, पण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. "वैनीला पानी दे म्हणून तुला कळत न्हाई का रं?" असं त्याला ऐकावं लागतं. पोराचा चेहरा पडतो. तो बाटली हातातून हातात पुढे पाठवतो, चार माणसांच्या हातांतून ती येते, आणि एवढ्या एका हालचालीत सगळा डबा सामील होतो. घटाघटा पिऊ देऊ नका, नरसम्मा तिला घोट घोट प्यायला लावेल. कुशीवर थोडं कलंडून बसवेल. त्यासाठी तिला स्वतःला बाकड्याच्या कडेवर टेकावं लागेल. तीही किंमतच.

मग घड्याळ. बाळेला एक कळ, पाकणीच्या आधी दुसरी. वाचक तिसरीची वाट बघतोय. मोहोळ येतं, भाजीवाला पोतं घेऊन उतरतो, मागे वळून बघत नाही. मोहोळ सुटल्यावर काही नाही. अनगरच्या अलीकडे एक हलकीशी येते, नरसम्माचा हात पोटावर जातो, लगेच सैल पडतं. त्यानंतर बाळ लाथ मारतं, म्हातारीच्या तळहातावरच. "हाय की, जागं हाय," एवढंच ती म्हणते. धोका टळल्याचं दुसरं कुठलं वाक्य लिहायची गरज नाही.

इथे एक गडबड हमखास होते. लेखक मोहोळ ते माढा हा भाग लांबवतो आणि त्यात दोघींना आयुष्याच्या गप्पा मारायला लावतो. नरसम्माला किती मुलं झाली, किती गेली, नवरा दारू पितो का. ते काढून टाका. फार तर "माझं दुसरं आठव्यातच झालं. तहसीलला कारकून हाय आता" एवढं एकच वाक्य ठेवा. दुसऱ्या पायरीतली भीती त्यानेच उतरते, आणि कुणीही कुणाला समजावून सांगितलेलं नसतं.

सातवी पायरी: उतरवणं

माढ्याला गाडी फार वेळ थांबत नाही, म्हणून उतरण्याची तयारी आधीच्या वाक्यांत व्हायला हवी. ओंकार आधी उतरतो, पिशवी खिडकीतून दिली जाते, शीतल दाराशी तिरपी उभी राहते. पोट पुढे आल्याने तिला पायरी दिसत नाही. खालून भाऊ हात देतो, वरून कुणीतरी दंड धरतं. कुणी, ते तिला कळत नाही. आभार मानायला वेळच नसतो, आणि ते बरंच आहे. तिची जागा गाडी हलायच्या आधी दुसऱ्या कुणी धरलेली असते.

शेवटी भाऊ विचारतो, "जागा मिळाली का गं?" ती म्हणते, "मिळाली." इथे थांबा. ती भावाला बाकीचं सांगणार नाही, कारण दिराला जे सांगू शकली नाही ते भावाला कसं सांगेल? वाचकाला ते माहीत आहे, भावाला नाही.

आठवी पायरी: तपासणी

पंधराशे ते अठराशे शब्दांत ही कथा बसते. दोन हजारांच्या पुढे गेली तर बहुधा गप्पांचा भाग वाढलेला असतो. लिहून झाल्यावर "माणुसकी", "आपुलकी", "देवासारखी", "डोळे पाणावले" हे शब्द शोधा आणि कापा. मग प्रत्येक स्टेशनावर रेघ मारून शीतल कुठे आहे, पोतं कुठे आहे, बाटली कुणाकडे आहे, हे पहिल्या पायरीतल्या नकाशाशी ताडून बघा. पोतं खांद्यावर असताना भाजीवाला दोन्ही हातांनी दार धरताना सापडला, तर तो परिच्छेद पुन्हा लिहा.

त्यानंतर कथा दोन जणींना वाचायला द्या. एक, नुकतंच बाळंतपण झालेली. तिला एवढंच विचारा की शरीराबद्दलची कुठली ओळ खोटी वाटली. दुसरी, आशाताई किंवा नर्स. तिला फक्त कळांचा भाग आणि मोहोळला उतरायचं वाक्य दाखवा. गावाकडच्या गटांवर कथा फिरत जाते आणि एखादी बाई ती गाडीत बसूनच वाचत असते, तेव्हा ते वाक्य चुकून चालत नाही. नर्सने त्यात काही सुधारलं, तर नरसम्माच्या बोलीत बसवून ते तसंच घ्या.